पाहिलं ते सांगा: वॉर्डातल्या शिक्षकांसाठी नव्वद मिनिटं

वॉर्डात पोस्टिंगला आलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून बहुतेक वेळा दोनच वाक्यं ऐकायला मिळतात. काम नीट झालं तर "छान केलंस", बिघडलं तर "लक्ष कुठे असतं गं तुझं?" पहिलं वाक्य ऐकून बरं वाटतं, दुसरं ऐकून रडू येतं. उद्या तेच काम करताना नेमकं काय तसंच ठेवायचं आणि काय बदलायचं, हे मात्र दोन्हींतून कळत नाही.

ही वाक्यं बोलणारे क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, म्हणजे विद्यार्थ्यांबरोबर वॉर्डात उभे राहून शिकवणारे शिक्षक. आठ-दहा विद्यार्थी, त्यातले दोघे ड्रेसिंगला, दोघे ट्रॉलीजवळ, एखादी नुसतीच केस पेपर चाळत बसलेली, अशी सकाळ त्यांना सांभाळायची असते. इंजेक्शन कसं द्यायचं हे त्यांना उत्तम येतं. चुकलेल्या विद्यार्थ्याशी कसं बोलायचं हे मात्र त्यांना सहसा कुणी शिकवलेलं नसतं. आपल्या शिक्षकांनी आपल्याला जसं सुनावलं तसंच तेही सुनावतात. या एका कामासाठी दीड तासाचं प्रशिक्षण घेता येतं. ते कसं आखावं, याचा हा आराखडा.

आधी एक गोष्ट स्पष्ट हवी. फीडबॅक दिला की सुधारणा होतेच, असं नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये फीडबॅकवरचे शेकडो प्रयोग एकत्र तपासले. सरासरीने फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर काम उलट बिघडलं होतं. त्यांनी मांडलेलं कारण शिक्षकांनी लक्षात ठेवावं असं आहे: ऐकणाऱ्याचं लक्ष कामावरून सुटून स्वतःवर गेलं, की फीडबॅकचा उपयोग घटतो. "तू निष्काळजी आहेस" हे ऐकणारी मुलगी आपण खरंच तशी आहोत का, याचाच विचार करत राहते. इंजेक्शन बाजूलाच पडतं. म्हणून या सत्राचा सगळा भर एका सवयीवर आहे: माणसाबद्दलचं मत बाजूला ठेवून, आपण डोळ्यांनी पाहिलेली कृती सांगायची.

पहिली तीस मिनिटं: पाहिलेलं आणि ठरवलेलं

सुरुवातीला प्रत्येक शिक्षकाला एक कोरी चिठ्ठी द्यायची. गेल्या आठवड्यात एखाद्या विद्यार्थ्याला तुम्ही जे बोललात, ते आठवेल तसं, शब्दही न बदलता लिहा. नाव लिहायचं नाही. दहा मिनिटांत चिठ्ठ्या गोळा करून मिसळायच्या आणि फळ्यावर दोन रकाने आखायचे. एकात पाहिलेलं, दुसऱ्यात ठरवलेलं.

मग पुढची वीस मिनिटं एकेक चिठ्ठी वाचून ती कुठल्या रकान्यात जाते ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. "आत्मविश्वास कमी आहे", "हात साफ नाही", "पेशंटशी नीट बोलत नाही", "अॅसेप्सिस पाळत नाही" ही सगळी वाक्यं दुसऱ्या रकान्यात जातात. शेवटच्या वाक्यावर हमखास वाद होतो, कारण ते तांत्रिक वाटतं. पण त्यातून काय दिसलं ते कळत नाही. "निर्जंतुक ग्लोव्ह्ज घातल्यावर तू डाव्या हाताने पडदा सरकवलास आणि त्याच हाताने गॉज उचललास" हे वाक्य पहिल्या रकान्यातलं. ते ऐकणाऱ्याला वाद घालायला जागा उरत नाही, आणि पुढच्या वेळी काय टाळायचं तेही त्यातच सांगितलेलं असतं.

कौतुकाच्या चिठ्ठ्याही याच चाळणीतून काढायच्या. "छान" हाही निवाडाच. शिवाय खूप शिक्षक कौतुक, चूक, पुन्हा कौतुक असा क्रम ठेवतात. दोन-चार वेळा अनुभव घेतला की विद्यार्थी पहिलं कौतुक ऐकतच नाही, "पण" कधी येतो याची वाट पाहत राहतो. नेमक्या कृतीचं कौतुक असेल तर ते वेगळं ठरतं, कारण ती कृती उद्याही करायची आहे हे त्यातून कळतं.

पुढची पंधरा मिनिटं: एक प्रसंग

आता सत्र घेणारी व्यक्ती आणि एक सहकारी मिळून एक संवाद करून दाखवतात. कार्डावरचा प्रसंग असा: पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, सकाळी दहाचा डोस. दुसऱ्या वर्षाची पूजा चौदा नंबरच्या आजोबांना सेफट्रायॅक्सोन एक ग्रॅम शिरेतून देणार आहे. तिने हात स्वच्छ केले, दहा मिलिलिटर पाण्यात औषध विरघळवलं, कॅन्युलाभोवती सूज आहे का ते पाहिलं. मग विचारलं, "गायकवाड काका ना?" आजोबांनी मान हलवली. तिने सिरिंज कॅन्युलाला लावायला घेतली.

इथे शिक्षिकेला दोन वेगळी कामं करायची आहेत आणि ती एकत्र केली की गडबड होते. पहिलं काम थांबवण्याचं. पेशंटला धोका असू शकतो तिथे फीडबॅकची वाट पाहायची नसते. "पूजा, एक मिनिट, आधी नाव आणि नंबर बघू", एवढंच शांतपणे म्हणायचं, दोघींनी मिळून खात्री करायची आणि औषध द्यायचं. दुसरं काम बोलण्याचं. ते पेशंटच्या उशाशी किंवा राउंडला आलेल्या डॉक्टरांसमोर करायचं नाही. औषध देऊन झालं की लगेच, ट्रीटमेंट रूममध्ये किंवा व्हरांड्याच्या टोकाला. शनिवारच्या मीटिंगपर्यंत ते थांबवलं तर दोघींनाही तपशील आठवत नाहीत आणि बोलणं पुन्हा "लक्ष दे" वर येतं.

"कॅन्युलाभोवती हात लावून पाहिलंस, मगच सिरिंज घेतलीस. हे असंच करत जा," शिक्षिका म्हणतात. "आता सांग, आजोबांचं नाव तू कसं विचारलंस?"

"'गायकवाड काका ना?' असं विचारलं मॅडम. ते हो म्हणाले."

"मीही तेच ऐकलं. नाव तूच सांगितलंस, त्यांनी फक्त मान हलवली. मनगटावरचा पट्टा आणि केस पेपरवरचा नंबर ताडून पाहिला नाहीस. आज वॉर्डात दोन गायकवाड आहेत, म्हणून मी थांबवलं. त्या वेळी तुझ्या मनात काय होतं?"

"पण मॅडम, पेशंट बरोबरच होते. सकाळी मीच त्यांचं टेंपरेचर घेतलं होतं."

बहुतेक संवाद इथेच बिघडतात. "उलट बोलू नकोस" असं म्हटलं की मुलगी गप्प होते आणि चुकीचं कारण तिच्या डोक्यात तसंच राहतं. खरं तर पूजाने फार उपयोगाची माहिती दिली आहे. तिने आळस केलेला नाही, चेहरा ओळखीचा म्हणून तिला खात्री वाटली. आता शिक्षिकेला नेमकं त्या खात्रीवर बोलता येतं.

"म्हणजे माणूस तू ओळखलास. पण औषधाचा कागद त्याच माणसाचा आहे, हे चेहऱ्यावरून कळतं का? ट्रॉलीवर दोन्ही गायकवाडांचे कागद बदलले असते तर?"

"नसतं कळलं."

"मग पुढच्या पेशंटला काय करशील?"

"'तुमचं पूर्ण नाव सांगा' असं विचारीन. आणि नोंदणी नंबर कागदाशी ताडून बघीन."

"चल, बारा नंबरचा डोस आहे. मी बाजूला उभी राहते."

हे सगळं तीन मिनिटांत होतं. चर्चेत शिक्षकांना विचारायचं, यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य कुठलं? बरेच जण मधला प्रश्न निवडतात. माझं उत्तर शेवटचं वाक्य आहे. पूजाने नवी कृती त्याच सकाळी, कुणाच्या तरी नजरेसमोर केली नाही, तर तिला समजलं आहे की तिने नुसती मान हलवली आहे, हे कळायला मार्ग नाही. चौदा नंबरच्या आजोबांनीही मानच हलवली होती.

तीस मिनिटं सराव

आता तिघातिघांचे गट. एक शिक्षक, एक विद्यार्थी, एक निरीक्षक. दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या, दर फेरीला भूमिका बदलायची. पहिलं मिनिट कार्ड वाचायला, पाच मिनिटं संवादाला, चार मिनिटं निरीक्षकाला. निरीक्षकाने एवढंच टिपायचं: पाहिलेल्या कृतीचं वाक्य कुठलं होतं, विद्यार्थी किती बोलला, आणि पुढची कृती कुणाच्या तोंडून आली. तोही मत देणार नाही, ऐकलेली वाक्यं वाचून दाखवणार. शिकवायची पद्धत शिक्षकांनाही लागू.

तीन चुका हमखास दिसतात. पहिली, एका दमात चार दोष सांगणं. त्यातला पेशंटला सर्वांत धोक्याचा एक निवडायचा, बाकीचे उद्यासाठी ठेवायचे. दुसरी, प्रश्नाच्या वेषात टोमणा: "असं करतात का?" याला उत्तरच नसतं. तिसरी, विद्यार्थ्याला रडू आलं की घाईने "जाऊ दे, ठीक आहे" म्हणून विषय सोडणं. पाणी द्यावं, थोडं थांबावं आणि पुन्हा त्या एका कृतीवर यावं. नाहीतर चूक इतकी भयंकर होती की मॅडमनाही बोलवेना, असा अर्थ ती काढते.

शेवटची पंधरा मिनिटं: मर्यादा आणि पाठपुरावा

फीडबॅकने सगळं सुटत नाही, हेही सत्रातच बोलायला हवं. शिक्षकाने स्वतः पाहिलेलं नसेल, स्टाफ सिस्टरकडून नुसतं ऐकलं असेल, तर फीडबॅक देऊ नये. आधी जाऊन पाहावं. काही वेळा दोष विद्यार्थ्याचा नसतोच. सरकारी रुग्णालयात गर्दीच्या दिवसांत खाली गादीवरही पेशंट असतात, मनगटावर पट्टा नसतो. अशा ठिकाणी "पट्टा का पाहिला नाहीस?" हा प्रश्न फोल. तिथे पूर्ण नाव आणि नोंदणी नंबर यांवर भागवायचं आणि पट्ट्यांचा विषय इन्चार्ज सिस्टर व मेट्रनपर्यंत न्यायचा. पलंगाचा नंबर ही पेशंटची ओळख नव्हे, हे मात्र दोन्हीकडे सारखंच लागू, कारण पलंग बदलतात.

जाण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने आपली सुरुवातीची चिठ्ठी शोधून तेच वाक्य पाहिलेल्या कृतीच्या भाषेत पुन्हा लिहायचं. दोन आठवड्यांत एका सहकाऱ्याने वॉर्डात येऊन त्याचा एक खरा संवाद ऐकायचा आणि निरीक्षकाच्या त्याच तीन नोंदी करायच्या. संवादानंतर त्याच पाळीत विद्यार्थ्याने ती कृती शिक्षकासमोर पुन्हा केली का, हे चौथ्या ओळीत लिहायचं. ती ओळ कोरी राहिली तर फीडबॅक अर्धवट झाला असं समजायचं आणि पुढच्या डोसला त्या विद्यार्थ्याजवळ जाऊन उभं राहायचं.