मोठ्या सुट्टीनंतरची दहा मिनिटं

सुट्टी संपल्याची घंटा होते तेव्हा तिसरीचा वर्ग एकदम आत येत नाही. निम्मी मुलं धावत येतात, काही नळावर ताट धूत असतात, दोघंतिघं खिचडीची दुसरी वाढ संपवत असतात आणि एखादा मैदानाच्या टोकाला हरवलेली चप्पल शोधत असतो. सगळे जागेवर बसेपर्यंत चारपाच मिनिटं सहज जातात. आलेल्यांना काही काम नसतं, म्हणून ते आवाज करतात. बाई ‘शांत बसा’ म्हणतात आणि त्या आवाजाच्या वर जायचं तर त्यांनाही आवाज चढवावा लागतो. मग मुलं त्याच्याही वर बोलतात. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेतला पाव भाग असा निघून जातो आणि गणित सुरू होतं तेव्हा बाईंचा घसा बसलेला असतो.

ही वेळ जाणारच असेल, तर ती ठरवून का घालवू नये? घंटेपासून दहा मिनिटं रोज त्याच क्रमानं घ्यायच्या हालचालींचा आणि खेळांचा एक छोटा पाठ बसवता येतो. त्याचं सगळं गमक उतरणीत आहे. मुलं ज्या जोशात आत येतात तिथूनच सुरुवात करायची, आधी मोठी हालचाल, मग लहान, मग ऐकणं आणि शेवटी पाटीवरचं काम. एकदम तळाशी उडी मारायला लावलं की फसतं. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकातला नवा शिक्षक पहिल्याच दिवशी चौथीच्या वर्गावर शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि पोरं त्याची टर उडवतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो, तेव्हा तीच पोरं गप्प होतात. शांततेचा खेळ चांगलाच आहे, मारिया माँटेसोरींच्या पद्धतीत त्याला मोठं स्थान आहे. पण मैदानावरून धापा टाकत आलेल्या मुलांवर तो पहिल्या मिनिटाला लादला की त्याचा तमाशा होतो.

बत्तीस मुलांचा एक वर्ग डोळ्यांसमोर आणू. सुट्टीनंतर गणिताचा तास, विषय हातच्याची वजाबाकी. बाई घंटेच्या आधीच दारात उभ्या आहेत. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण अर्धं काम इथे होतं. मूल बाईंच्या शेजारून चालत आत जातं, पाणी प्यायलं का, हात धुतला का, एवढं विचारून होतं आणि पळत येणारा आपोआप चालायला लागतो. इथेच ‘बाई, यानं मला ढकललं’ सुरू होतं. सुट्टीतली भांडणं हेच या वेळच्या गोंगाटाचं मोठं कारण असतं. प्रत्येक भांडणाचा निवाडा दारात करायला बसलात तर दहा मिनिटं तिथेच संपतील आणि झिडकारलंत तर ते मूल तासभर धुमसत राहील. त्यावर सोपी तोड म्हणजे फळ्याचा एक कोपरा तक्रारींसाठी राखायचा. तक्रार असलेल्यानं तिथे स्वतःचं नाव लिहायचं आणि मुलं पाटीवर गणितं सोडवत असताना बाईंनी त्याला जवळ बोलावायचं. बोलावणं मात्र चुकवायचं नाही. एकदा चुकवलं की त्या कोपऱ्यावरचा विश्वास उडतो. लागलं असेल, रक्त आलं असेल, डोक्यावर पडला असेल, तर अर्थातच ताबडतोब बघायचं.

आत आलेली मुलं आपल्या जागी उभी राहतात, बसत नाहीत. बाई दारातूनच टाळ्यांचा एक ताल वाजवतात, चार ठोक्यांचा: टाळी, टाळी, मांडीवर थाप, टाळी. मुलं तोच परत वाजवतात. एकही शब्द नाही. उशिरा आलेलं मूलही काही न विचारता यात मिसळतं, म्हणून सुरुवातीला हाच प्रकार घ्यायचा. दोनतीनदा झालं की ताल बदलायचा, म्हणजे पुढचं वाजवण्यासाठी बघावं आणि ऐकावं लागतं. मग आवाज उतरवायचा: पूर्ण तळव्याऐवजी तळहातावर चार बोटं, मग दोन, मग एकच. एका बोटाच्या टाळीला बत्तीस मुलांचा आवाज पावसाच्या पहिल्या थेंबांएवढा होतो आणि तो ऐकण्यासाठी मुलं स्वतःच बोलणं थांबवतात. यात घाई केली तर सगळं बिघडतं. ताल जलद झाला की मुलं हसायला लागतात, तोंडानं आवाज काढतात आणि चढण सुरू होते. शेजारी दुसरा वर्ग भरत असेल तर पहिल्यापासूनच मांडीवर थापा घ्याव्यात, नाहीतर भिंतीपलीकडून उत्तर येतं.

तीन मिनिटं झाली. आता शरीर. दोन्ही हात बाजूंनी वर न्यायचे, आठ आकडे मोजत. तसेच आठ आकड्यांत खाली. मग दोन्ही तळवे छातीसमोर एकमेकांवर जोरात दाबायचे, पाच मोजून सैल सोडायचे, असं तीनदा. मग एका पायावर उभं राहायचं, समोर फळ्यावर काढलेल्या टिंबाकडे बघत, वीस मोजेपर्यंत. नंतर दुसऱ्या पायावर. वर्गातल्या सगळ्यात वात्रट मुलालाही इथे गप्प बसावं लागतं, कारण बोलता बोलता तोल सांभाळणं आठ वर्षांच्या मुलाला जड जातं. बाईंनी ‘शांत’ म्हणायची गरजच उरत नाही. मात्र पोट आत्ताच भरलेलं आहे हे विसरायचं नाही. उड्या, पुढे वाकणं, कपालभाती यांतलं काहीही या वेळी नको. ज्याला उभं राहणं जमत नाही त्यानं बसून एक पाय उचलून धरला तरी चालतं.

पाचव्या मिनिटाला मुलं बसतात. डावा पंजा पसरायचा आणि उजव्या हाताच्या बोटानं त्याची कड गिरवायची. अंगठ्यावर चढताना श्वास आत, उतरताना बाहेर. चढताना तीन मोजायचे, उतरताना पाच. पाच बोटं म्हणजे पाच श्वास, साधारण चाळीस सेकंद. उच्छ्वास लांबवण्यामागे कारण आहे: श्वास बाहेर सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून लांब उच्छ्वासानं धावून आलेलं शरीर लवकर निवतं. श्वास रोखून धरायला सांगू नये. सर्दी झालेल्याला नाकानंच घे असा आग्रह नको. डोळे मिटण्याची सक्ती तर मुळीच नको. काही मुलांना भीती वाटते आणि बाकीची एक डोळा उघडून शेजाऱ्याला चिमटे काढतात. बोट गिरवायला दिलं की नजरेला काम मिळतं.

यानंतरचं दीड मिनिट मला सगळ्यात आवडतं. बाई सांगतात, ‘आता सगळ्यात लांबचा आवाज शोधा.’ मुलं ऐकतात आणि ऐकू आलेल्या प्रत्येक आवाजाला एक बोट दुमडतात. रस्त्यावरची एसटी, स्वयंपाकघरात घासलं जाणारं पातेलं, कोंबडी, शेजारच्या वर्गातले पाढे. मग सगळ्यात जवळचा आवाज: पंख्याची करकर, स्वतःचा श्वास. आपल्या शाळांच्या आसपास संपूर्ण शांतता कधीच नसते आणि या खेळाला ती लागतही नाही. बाहेरचा गलका हाच त्याचा माल. शेवटी दोनच मुलांना विचारायचं, कोणता आवाज ऐकलास? सगळ्यांना विचारत बसलं की पुन्हा बाजार भरतो.

उरलेली दोन मिनिटं धड्याची आहेत आणि नेमकी तीच बरेच शिक्षक सोडून देतात. खेळ संपला, आता अभ्यास, असं म्हटलं की खुर्च्या सरकतात, दप्तरं उघडतात आणि कमावलेलं सगळं जातं. म्हणून पाट्या आणि खडू सुट्टीच्या आधीच जागेवर ठेवलेले असावेत. बाई हळू आवाजात, एकदाच, एक वजाबाकी सांगतात. मुलं उत्तर लिहून पाटी छातीशी उलटी धरतात आणि हात वर गेला की एकदम दाखवतात. पहिलं सोपं: 40 वजा 6. मग 43 वजा 3. मग 43 वजा 5, इथे काहीजण अडखळतात. मग 52 वजा 7. पाट्यांकडे एक नजर टाकली की कोणाला दहा सुटा करता येतो आणि कोण पाचातून तीन वजा करून 42 लिहितो ते कळतं. पाचवं गणित फळ्यावर लिहायचं, 352 वजा 127, आणि तिथूनच आजचा धडा सुरू. खेळ कधी संपला हे मुलांच्या लक्षात येऊ नये.

प्रत्येक गणितानंतर तीनचार सेकंद थांबायचं, पहिल्या हुशार हाताला लगेच भुलायचं नाही. रांगारांगांची स्पर्धा लावू नका; गुण आले की ओरडा आला. एकाच खोलीत दोन इयत्ता असतील तर आठ मिनिटं सगळ्यांची सारखी आणि शेवटच्या दोन मिनिटांत फळ्यावर दोन रकाने.

पहिला आठवडा गोंधळाचाच जातो. क्रम मुलांच्या अंगवळणी पडेपर्यंत दहाची पंधरा मिनिटं होतात आणि शिक्षक कंटाळून सोडून देतात. क्रम बदलू नये, आतला माल बदलत राहावा: ताल नवा, आवाज नवे, गणितं त्या दिवसाची. जमतंय हे ओळखायची एक खूण आहे. पहिली वजाबाकी साध्या बोलण्याच्या आवाजात सांगितली आणि शेवटच्या बाकावरच्या मुलानं ‘काय बाई?’ असं विचारलं नाही, की समजावं उतरण बरोबर बसली. बाई दारात पोचण्याआधीच एखाद्या मुलीनं ताल धरला, तर फारच छान.

याच्या मर्यादाही आहेत. जेवणानंतरची सुस्ती नुसत्या खिचडीमुळे येत नाही. दुपारी शरीराच्या घड्याळातच एक मंद वेळ असते आणि एप्रिलमध्ये पत्र्याखाली तापलेल्या खोलीत ती दुप्पट जाणवते. अशा दिवशी हालचाल थोडी वाढवावी, श्वास एकदाच घ्यावा. एखादं मूल रोजच शेवटपर्यंत चुळबुळ करत राहिलं, तर आधी ते जेवलं का हे बघावं, मग त्याला नीट ऐकू येतं का ते. या दोन्हींवर टाळ्यांचा उपाय नाही.

मुख्याध्यापकांना मात्र एक विनंती. घंटेनंतरच्या या दहा मिनिटांत नोटीस फिरवू नका, आहाराची ऑनलाइन माहिती भरायला शिक्षकाला वर्गातून बोलावू नका, पुस्तकं वाटायला मुलं मागू नका. दार एकदा उघडलं की पुन्हा पहिल्या टाळीपासून सुरुवात करावी लागते.