हरवलेल्या फाइली आणि एक पत्र

भालकीला आमच्या बहिणीचे घर आहे. तिची धाकटी मुलगी कलबुर्गीच्या एका महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. आमच्या पिढीच्या तोंडी अजूनही गुलबर्गा हेच नाव येते. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी कागदोपत्री कलबुर्गी झाले, तरी मामाने गुलबर्गा म्हटले की भाची हसून दुरुस्त करते. त्या दिवशी मात्र तिने दुरुस्त केले नाही. दारात उभी राहून म्हणाली, "मामा, माझा सगळा प्रकल्प गेला."

प्रकल्प होता बीदरच्या परिसरातील विहिरींच्या पाण्याचा. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. या दगडातून पावसाचे पाणी झिरपत जाते आणि खालच्या कठीण थरावर साचते. बहामनी काळात हेच पाणी जमिनीखालून आणण्यासाठी नौबादला सुरंग बावी खोदली गेली. सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या त्या भुयारावर हवेसाठी ठिकठिकाणी उभ्या विहिरी ठेवलेल्या आहेत. भाचीने आसपासच्या ३८ विहिरी निवडून नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च अशा तीन वेळा पाण्याची खोली मोजली होती. टोकाला वजन बांधलेली फीत विहिरीत सोडायची आणि आकडा वहीत लिहायचा. अशा ११४ नोंदी झाल्या. त्यांवरून तक्ते, आलेख, एक नकाशा आणि प्रबंधाची चार प्रकरणे तयार झाली. प्रबंध १२ मे रोजी द्यायचा होता आणि ही गोष्ट ८ मेच्या संध्याकाळची.

झाले होते असे. महाविद्यालयातील संगणक बंद करून पुन्हा चालू केले की पूर्वस्थितीला जातात, म्हणून तिथे कोणी काही साठवत नाही. ही मुलगी तीन आठवडे थेट पेन ड्राइव्हवरच काम करीत होती आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती. त्या दिवशी बस गाठायची घाई होती. फाइल साठवली जात असतानाच तिने पेन ड्राइव्ह ओढून काढला. पेन ड्राइव्हमध्ये कोणती फाइल कोठे आहे याची एक अनुक्रमणिका असते. ती लिहिली जात असताना तुटली, तर फाइली आत असूनही संगणकाला सापडत नाहीत. घरी संगणकाने विचारले, "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" शेजारी बसलेल्या मावसभावाने 'हो' म्हटले. नंतर त्यानेच त्यावर एका लग्नाचे बारा जीबीचे चित्रीकरण भरले.

यातली कोणती चूक किती मोठी, हे समजणे जरूर आहे. साध्या, म्हणजे झटपट फॉरमॅटने केवळ अनुक्रमणिका कोरी होते. मूळ मजकूर बराचसा जागेवरच असतो आणि फाइल परत आणणाऱ्या प्रणालीने तो निघूही शकतो. परंतु त्यावर नवे काही लिहिले, की जुने त्या त्या ठिकाणी कायमचे पुसले जाते. ड्राइव्ह १६ जीबीचा होता, म्हणून लग्नाच्या चित्रीकरणाने तीन चतुर्थांश जागा व्यापली. दुकानदाराने प्रयत्न केला, तेव्हा काही छायाचित्रे हाती आली. तक्ते आणि प्रकरणे आली नाहीत. असा प्रसंग आलाच, तर पहिले पथ्य हेच, की 'फॉरमॅट' ला होकार देऊ नये, त्यावर काहीही साठवू नये, ड्राइव्ह बाजूला काढावा आणि जे सापडेल ते दुसऱ्या ठिकाणी उतरवावे.

आता प्रश्न प्राध्यापकांना पत्र लिहिण्याचा होता. भाचीने रात्रीच एक मसुदा केला होता. त्यात बस, वीज, मावसभाऊ, आईचे आजारपण, "पेन ड्राइव्ह आपोआप बिघडला" आणि शेवटी "कृपया थोडी मुदत द्यावी" असे सारे होते. मी विचारले, "थोडी म्हणजे किती?" ती गप्प राहिली. मग विचारले, "आपोआप बिघडला?" यावर ती अधिकच गप्प राहिली.

प्राध्यापकांच्या शंकेलाही कारण असते. हरवलेल्या फाइलीची सबब त्यांच्या कानी नवी नाही. २००९ साली अमेरिकेत काही डॉलरला मुद्दाम खराब केलेली फाइल विकणारे एक संकेतस्थळ गाजले होते. विद्यार्थ्याने ती वेळेवर पाठवावी, शिक्षकांना ती उघडू नये आणि तेवढ्यात खरे काम पुरे व्हावे, अशी ती युक्ती होती. म्हणून शिक्षक दुःखाचे वर्णन वाचत नाहीत, ते खुणा शोधतात. पूर्वी पाठवलेली प्रकरणे, ई-पत्रांच्या तारखा, मळलेली नोंदवही, फोनमधली छायाचित्रे या खुणा रचता येत नाहीत. आमच्या भाचीजवळ त्या होत्या, पण पत्रात एकही नव्हती.

मला एक उदाहरण आठवले. २०२१ च्या डिसेंबरात जपानच्या क्योतो विद्यापीठात महासंगणकावरील सुमारे ७७ टेराबाइट सामग्री, म्हणजे तीन कोटींहून अधिक फाइली, प्रतिलिपी घेणाऱ्या प्रणालीतील दोषाने पुसल्या गेल्या. चौदा संशोधक गट त्यात सापडले आणि त्यांतील चार गटांची सामग्री परत मिळाली नाही. ती प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीने जे पत्र दिले, त्यात कारण नेमके सांगितले होते. जुन्या नोंदी काढून टाकणारी आज्ञावली चालू असतानाच तिची सुधारित आवृत्ती तिच्या जागी ठेवली गेली, आणि अर्ध्यातून वाचलेल्या त्या आज्ञावलीने भलत्याच फाइली पुसल्या. शिवाय जबाबदारी शंभर टक्के आमची, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. एवढ्या मोठ्या संस्थेला ते लिहिता आले, तर एका विद्यार्थिनीला "मी घाईत ओढला" असे लिहिणे जड का जावे?

पुन्हा बसलो. प्राध्यापक कन्नडभाषिक, पत्र जायचे इंग्रजीत. पण आधी मराठीत लिहू या, असे मी सुचवले. आपल्या भाषेत लपवाछपवी चटकन डोळ्यांवर येते. अंतिम मसुदा असा झाला :

"आदरणीय सर, सादर प्रणाम.

८ मे रोजी संध्याकाळी फाइल साठवली जात असताना मी पेन ड्राइव्ह ओढून काढला. घरी तो फॉरमॅट झाला आणि त्यावर दुसरे चित्रीकरण भरले गेले. माझ्याजवळ दुसरी प्रत नव्हती. ही चूक माझी आहे.

गेलेले : विहिरींचे तक्ते, आलेख, नकाशा आणि तिसरे व चौथे प्रकरण, मिळून २२ पाने. शिल्लक : ११४ मूळ नोंदींची वही, विहिरींची काही छायाचित्रे, आणि २० एप्रिलला आपणांस ई-पत्राने पाठवलेली पहिली दोन प्रकरणे.

१२ मेऐवजी १८ मेच्या संध्याकाळपर्यंत मुदत मिळावी, अशी विनंती आहे. १० रोजी नोंदी पुन्हा भरीन. ११ रोजी त्या वहीशी पडताळून आलेख करीन. १२ व १३ रोजी नकाशा, १४ ते १६ दोन्ही प्रकरणे, १७ रोजी आपल्या सूचनांप्रमाणे दुरुस्त्या आणि १८ रोजी छपाई व बांधणी. वही व पेन ड्राइव्ह आपण सांगाल तेव्हा घेऊन येईन. रोज रात्री त्या दिवशीचे काम आपणांस पाठवीन.

आपली विद्यार्थिनी"

हे पत्र पूर्वीच्या मसुद्याच्या निम्मेही नव्हते. मावसभावाचे नाव त्यातून गेले. फॉरमॅट कोणाच्या बोटाने झाला, याचा उपयोग प्राध्यापकांना नव्हता, आणि प्रत न ठेवण्याची चूक काही त्याची नव्हती. आईचे आजारपणही काढले. ते खरे होते, पण फाइली त्यामुळे गेल्या नव्हत्या. भाचीला ते ओळ खोडताना वाईट वाटले. ती म्हणाली, "मामा, खरे असूनही लिहायचे नाही?" मी म्हटले, "खरे आहे, पण इथले नाही."

सहा दिवस कसे आले, हेही सांगतो. ती आधी पंधरा दिवस मागणार होती. आम्ही प्रत्येक कामापुढे वेळ लिहिला. एकाने आकडे वाचायचे आणि दुसऱ्याने भरायचे, तर ११४ नोंदींना अर्धा दिवस पुरे. मजकूर एकदा लिहिलेला होता, तेव्हा विचार नव्याने करायचा नव्हता. १२ मेनंतरच्या दिवसांची बेरीज सहाच्या पुढे गेली नाही. दिवस मोजून मागितले, की देणाऱ्यालाही मोजून देता येते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. मौखिक परीक्षा २० मेला होती आणि ती तारीख विद्यापीठाची, प्राध्यापकांच्या हाती नव्हती. बाहेरच्या परीक्षकांना प्रबंध आधी वाचायला हवा. म्हणून १८ नव्हे, १६ मेची संध्याकाळ मिळाली. त्याबरोबर एक सवलतही होती. नकाशा संगणकावर पुन्हा करू नये, छापील नकाशावरून पारदर्शक कागदावर हाताने काढावा. त्याने दोन दिवस वाचत होते. नेमके तेच दोन दिवस त्यांनी कापले होते. कामांची यादी समोर नसती, तर त्यांना हे सुचवता आले नसते. आणि एक अट अशी, की १२ तारखेला वही घेऊन समक्ष यावे.

भाची वही घेऊन गेली. सरांनी मधलेच एक पान उघडले, मार्चच्या नोंदीतील एका खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवले आणि तो का खोडला ते विचारले. फीत विहिरीच्या कपारीला अडली होती, म्हणून पुन्हा मोजले, असे तिने सांगितले. त्यांनी वही मिटली. फाइलींबद्दल पुढे एक शब्दही विचारला नाही.

पडताळणी करताना तीन नोंदी चुकीच्या उतरल्याचे ११ तारखेला सापडले. पहिल्या तक्त्यांतही त्या तशाच असतील का, हे आता कळणे नाही. प्रबंध १६ मेला सहा वाजण्यापूर्वी दिला गेला. हाताने काढलेला नकाशा जरा वाकडा आहे, परंतु ३८ विहिरी त्यात बरोबर जागी आहेत.

आता त्या घरी संगणकावर एक प्रत असते, दुसरी वेगळ्या ड्राइव्हवर आणि तिसरी रोज रात्री स्वतःलाच ई-पत्राने जाते. मावसभावाला त्या ड्राइव्हला हात लावायची मनाई आहे. त्याची तक्रार अशी, की लग्नाचे ते चित्रीकरणही दुकानदाराच्या प्रयोगात गेले. त्याचे पत्र कोणाला लिहावे, असे तो मला विचारीत होता.