खाते परत मिळवून देणारा विश्वासू माणूस, आणि त्याचे सोंग घेणारा

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. एकट्याची किल्ली लावून तिजोरी उघडत नाही. आता गूगल आणि अ‍ॅपल या कंपन्यांनी साधारण याच विचाराची एक सोय आपल्या मोबाइलमध्ये दिली आहे. पासवर्ड विसरला, फोन हरवला, किंवा ज्या नंबरवर कोड येतो तो नंबरच बंद पडला, तर आपण आधी नेमून ठेवलेला एखादा नातेवाईक किंवा मित्र आपल्याला खात्यात परत जायला मदत करू शकतो. त्याला रिकव्हरी कॉन्टॅक्ट म्हणतात. आपल्यापैकी अनेकांची मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात आहेत. त्यामुळे 'बाबा, मी तुमचे नाव टाकले आहे' असा निरोप आपल्याला आज ना उद्या येणारच. सोय चांगली आहे, पण तिच्या नावाखाली फसवणूकही होते. म्हणून खरी पद्धत कशी चालते ते आधी नीट पाहू. ती कळली की खोटी आपोआप ओळखू येते.

अ‍ॅपलची पद्धत

आयफोनमध्ये ही सोय 2021 साली, आयओएस 15 बरोबर आली. जास्तीत जास्त पाच माणसे नेमता येतात. नेमलेल्या माणसाकडेही अ‍ॅपलचेच उपकरण असावे लागते. Settings मध्ये सर्वांत वर आपले नाव असते. त्यावर बोट ठेवून Sign-In & Security मध्ये गेले की हा पर्याय सापडतो.

समजा, पुण्याच्या मुलाने इंदूरच्या आईला नेमले आहे आणि तो पासवर्ड विसरला आहे. तो आपल्या उपकरणावर खाते परत मिळवण्याची प्रक्रिया सुरू करतो आणि आईला फोन करतो. आई स्वतःच्या फोनवर त्याच Sign-In & Security मध्ये जाते, तेथे मुलाच्या नावावर बोट ठेवते आणि Get Recovery Code निवडते. पडद्यावर सहा अंक दिसतात. ते ती फोनवर वाचून दाखवते, मुलगा आपल्याकडे टाकतो आणि नवा पासवर्ड ठरवतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, आईला मुलाचे फोटो, पत्रे, काहीही दिसत नाही. तिला फक्त कोड देता येतो. दुसरी अधिक महत्त्वाची: हा कोड एसएमएसने आलेला नाही. आईने तो स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन काढला आहे.

गूगलची पद्धत

गूगलने ही सोय ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केली. जीमेल ज्या खात्यावर चालते त्या गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात Recovery contacts नावाने ती आहे. येथे दहापर्यंत माणसे नेमता येतात. आपण विनंती पाठवायची आणि समोरच्याने ती स्वीकारायची. न स्वीकारलेले नाव कामाचे नाही.

येथे अंकांची दिशा उलटी आहे. ज्याचे खाते अडकले आहे त्याच्या पडद्यावर एक संख्या दिसते. ती तो आपल्या माणसाला सांगतो. त्या माणसाला गूगलकडून सूचना येते, त्यात तीन संख्या असतात, आणि त्याने सांगितलेली संख्या निवडायची असते. यासाठी 15 मिनिटांची मुदत असते. मदत करणाऱ्याला कोणालाही कोड सांगावा लागत नाही, पासवर्डही लागत नाही. हे झाल्यावरसुद्धा गूगल आणखी पडताळणी करू शकते.

म्हणजे दोन्ही खऱ्या पद्धतींत एक गोष्ट समान आहे. दुसऱ्याच्या खात्यासाठी आपल्या फोनवर एसएमएसने कोड येत नाही. एसएमएसने कोड आला, तर तो आपल्या स्वतःच्या कुठल्यातरी खात्याचा आहे. हे एक वाक्य लक्षात राहिले तरी पुरे.

सोंग कसे घेतले जाते

एक कल्पित पण नेहमीच्या धाटणीचे उदाहरण घेऊ. इंदूरच्या काकूंना वडोदऱ्याच्या पुतण्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून निरोप येतो: 'काकू, माझे खाते अडकले आहे. विश्वासू व्यक्ती म्हणून मी तुमचे नाव दिले आहे. तुम्हाला आत्ता सहा आकडी कोड येईल, तो लगेच पाठवा, पाच मिनिटांत संपतो.' नाव पुतण्याचे, फोटो पुतण्याचा, वर मागच्या दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा तशाच आहेत. तेवढ्यात खरोखरच एसएमएस येतो. काकूंना वाटते, तो म्हणाला तसाच कोड आला, म्हणजे खरेच आहे.

प्रत्यक्षात काय झाले? पुतण्याचे व्हॉट्सअ‍ॅप आधीच कोणीतरी बळकावले आहे. त्या माणसाने दुसऱ्या एका फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून तेथे काकूंचा नंबर टाकला. नंबर काकूंचा आहे की नाही हे तपासायला व्हॉट्सअ‍ॅपने कोड काकूंच्या फोनवर पाठवला. तो कोड काकूंच्या खात्याची किल्ली होती आणि काकूंनी ती आपल्या हाताने देऊन टाकली. पुढच्या मिनिटाला त्यांचे व्हॉट्सअ‍ॅप त्या दुसऱ्या फोनवर चालू होते. मग काकूंच्या नावाने भिशीच्या ग्रुपवर निरोप जातो: 'तातडीने वीस हजार हवे आहेत, संध्याकाळी परत करते.' त्याच वेळी आणखी चौघींना कोडची विनंतीही जाते. पुतण्याचे खाते गेले तेही असेच गेलेले असते. साखळी ओळखीच्या माणसांतूनच पुढे सरकते, म्हणून ती इतकी चालते.

ही युक्ती जुनी आहे. फेसबुकवर 2013 पासून ट्रस्टेड कॉन्टॅक्ट्स नावाची सोय होती. तीन ते पाच मित्र नेमायचे आणि गरज पडली की त्यांच्याकडून कोड गोळा करायचे. 'मी तुला ट्रस्टेड कॉन्टॅक्ट केले आहे, ईमेलवर आलेला कोड पाठव' असे निरोप बळकावलेल्या खात्यांवरून जाऊ लागले. तो कोड निरोप वाचणाऱ्याच्याच पासवर्ड बदलण्याचा असे. फेसबुकने ही सोय पुढे 2022 मध्ये बंद केली. म्हणून आज कोणी फेसबुकच्या त्या सोयीचे नाव घेऊन कोड मागितला, तर पुढे विचार करण्याची गरजच नाही. इन्स्टाग्रामवर कोडऐवजी लिंक येते आणि 'तिचा स्क्रीनशॉट पाठव' म्हणतात. ती लिंकही आपल्याच खात्याची असते.

अवघड प्रकार: आपण खरोखरच नेमलेले असतो तेव्हा

वरची खूण बहुतेक वेळा पुरते. पण एक प्रकार असा आहे की जेथे ती चालत नाही. मुलाने आपल्याला खरेच नेमले आहे, आणि ते कळलेला भामटा मुलाच्या नावाने फोन करतो: 'आई, फोन चोरीला गेला, मित्राच्या फोनवरून बोलतोय. सेटिंग्जमध्ये जाऊन माझा कोड सांग.' किंवा 'गूगलची सूचना येईल, त्यात 47 निवड.' येथे पायऱ्या सगळ्या खऱ्या आहेत, फक्त माणूस खोटा आहे. अडचण अशी की खरा मुलगाही संकटात अनोळखी नंबरवरूनच फोन करील. त्यामुळे केवळ नंबर अनोळखी आहे म्हणून नाही म्हणता येत नाही, आणि आवाज ओळखीचा वाटला म्हणून हो म्हणणेही आता सुरक्षित राहिलेले नाही. आवाजाची नक्कल यंत्राने करता येते.

बँकेत चेकवरची सही आम्ही नमुना सहीशी ताडून पाहत असू. नमुना आधीच घेऊन ठेवलेला असे, चेक समोर आल्यावर मागितलेला नसे. येथेही तसेच करावे. ज्या दिवशी नेमणूक स्वीकाराल त्याच दिवशी समोरासमोर बसून एक प्रश्न आणि त्याचे उत्तर ठरवून ठेवा. जन्मतारीख, शाळा, कुलदैवत असले काही नको. ती माहिती फेसबुकवर किंवा लग्नपत्रिकेत सापडते. घरातल्याच एखाद्या क्षुल्लक प्रसंगाचे उत्तर असावे आणि ते कधीही लिहून पाठवलेले नसावे. फोन आला की आधी तो प्रश्न. उत्तर न देता 'आता वेळ नाही' असे ऐकू आले, तर फोन ठेवा आणि सुनेला, जावयाला किंवा मुलाच्या घरमालकाला फोन करून खात्री करा. गूगलची 15 मिनिटे संपली तरी काही बिघडत नाही, प्रक्रिया पुन्हा सुरू करता येते. चुकीच्या माणसाला दिलेली संमती मात्र परत घेता येत नाही.

आणखी एक खूण आपल्यासारख्यांना उपयोगी पडते. जो भाचा आपल्याशी कायम मराठीत लिहितो, त्याचा निरोप अचानक हिंदीत किंवा इंग्रजीत आला तर थबकावे. पण मराठी शुद्ध आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. जुने निरोप वाचून भाषेची नक्कल करता येते.

कोड दिला गेला असेल तर

व्हॉट्सअ‍ॅपचा कोड गेला असेल तर लगेच आपल्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून आपला नंबर पुन्हा टाका. नवा कोड आपल्याच सिमवर येईल. तो टाकताच समोरचा बाहेर पडतो. त्याने मध्यंतरी पिन लावून ठेवला असेल तर आपल्याला सात दिवस थांबावे लागते, पण त्या काळात तोही आत राहत नाही. नातेवाइकांना साध्या फोनने कळवा आणि ग्रुपवर दुसऱ्या कोणाकडून सूचना टाकून घ्या. कोणी पैसे पाठवले असतील तर वेळ न घालवता 1930 वर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी, आणि आपल्या बँकेलाही सांगावे. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडवता आले तरच उपयोग असतो.

हे सर्व टाळण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपच्या Settings मध्ये Account आणि तेथे Two-step verification चालू करून आजच पिन लावून ठेवा. मग चुकून एसएमएसचा कोड गेला तरी पिनशिवाय खाते उघडत नाही. पिन अर्थातच कोणाला सांगायचा नाही.

शेवटी नेमणुकीबद्दल. रिकव्हरी कॉन्टॅक्ट म्हणजे बँकेतला नॉमिनी नव्हे. नॉमिनीचा संबंध आपल्या पश्चात येतो, हा माणूस आपल्या हयातीत लागतो. म्हणून तो फोन उचलणारा, घाई न करणारा आणि 'आधी उत्तर सांग' असे मुलालाही तोंडावर म्हणू शकणारा असावा. आणि आपण कोणाला नेमले आहे, किंवा कोणी आपल्याला नेमले आहे, हे चारचौघांत सांगू नये. तिजोरीची दुसरी किल्ली कोणाकडे आहे हे बँकेतही आम्ही ग्राहकांना सांगत नसू.