३.४ ऑनलाइन ऑर्डरला झालेला विलंब : अभिप्रायलेखन

३.४.१ प्रस्तावना

मागील भागात आपण कार्यालयीन तक्रार-अर्जाची रचना पाहिली. या भागात त्याच्याशी नाते सांगणारा, पण वाचकवर्ग वेगळा असणारा एक लेखनप्रकार अभ्यासायचा आहे. ऑनलाइन मागवलेली वस्तू वेळेवर आली नाही, तर ग्राहक त्या संकेतस्थळावर अभिप्राय लिहितो. या अभिप्रायाला दोन वाचक असतात. पहिला, त्याच विक्रेत्याकडून वस्तू घेण्याच्या विचारात असलेला दुसरा ग्राहक आणि दुसरा, तक्रारीचा निपटारा करणारा कंपनीचा कर्मचारी. पहिल्याला काय घडले ते कळायला हवे. दुसऱ्याला नेमके काय करायचे ते कळायला हवे. ‘अत्यंत वाईट सेवा, कोणीही घेऊ नका’ या वाक्यातून दोघांनाही काहीच मिळत नाही.

म्हणून अशा अभिप्रायाचे तीन भाग पाडावेत : घटनाक्रम, केलेले प्रयत्न आणि अपेक्षित निराकरण.

३.४.२ एक नमुना

बार्शी येथे शिवणकाम करणाऱ्या एका ग्राहक महिलेने शिलाई यंत्राची मोटर मागवली, असे समजा. जून महिना, शाळा सुरू होण्याचे दिवस, गणवेशांची कामे हातात घेतलेली आणि मोटर आलेली नाही. तिने लिहिलेला अभिप्राय पुढीलप्रमाणे आहे :

> ‘३ जूनला मी शिलाई यंत्राची मोटर मागवली व १,८५० रुपये यूपीआयने भरले. ऑर्डर देताना १० जूनपर्यंत पोहोचेल, असे दाखवले होते. विक्रेत्याने ५ जूनला पार्सल रवाना केले. ९ जूनला ते सोलापूर केंद्रात पोहोचल्याची नोंद आहे.
>
> १० जूनला पार्सल आले नाही. ११ जूनला अ‍ॅपवर तक्रार केली. ‘दोन दिवसांत मिळेल’ असे उत्तर आले. १४ जूनला ग्राहकसेवेला फोन केला. १२ जूनला घरी कोणी नसल्याने पार्सल परत नेले, असे सांगण्यात आले. त्या दिवशी मी घरीच होते व माझ्या फोनवर कुरिअरचा कॉल आल्याची नोंद नाही. १७ जूनला तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ईमेल केला. १८ जूनला पोच व तक्रार क्रमांक मिळाला. आज २४ जूनपर्यंत पार्सल आलेले नाही.
>
> गणवेशांचे काम थांबल्याने मी येथील दुकानातून दुसरी मोटर घेतली आहे. म्हणून ही ऑर्डर रद्द करावी आणि १,८५० रुपये ३० जूनपर्यंत त्याच खात्यात परत जमा करावेत. मोटर पाहिलेलीच नसल्याने तिच्या दर्जाबद्दल मी मत देत नाही.’

३.४.३ घटनाक्रम : कालवाचक शब्दांची निवड

या नमुन्यात ‘आठ दिवसांपूर्वी’, ‘परवा’ असे शब्द आढळत नाहीत. बोलण्यात ‘आठ दिवसांनी या’ म्हणजे पुढच्या आठवड्यात या, हे मराठी माणसाला सहज समजते. प्रत्यक्षात तो सात दिवसांचा काळ असतो. ‘परवा’ हा शब्द तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही दिवसांसाठी चालतो. समोरासमोरच्या संभाषणात संदर्भ ही संदिग्धता दूर करतो. अभिप्राय कोण, केव्हा वाचेल हे ठाऊक नसते. त्यामुळे तिथे तारीखच लिहावी.

सर्वांत महत्त्वाची तारीख ऑर्डर दिल्याची नसून विक्रेत्याने कबूल केलेली असते. ‘ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०’ यांनुसार सांगितलेल्या वेळेपेक्षा वस्तू उशिरा पोहोचली, तर ई-बाजारपेठेवरील विक्रेत्याला ती परत घेण्यास वा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. विलंब पूर किंवा तत्सम अनिवार्य आपत्तीमुळे झाला असेल, तर मात्र ही तरतूद लागू होत नाही. म्हणजे ‘१० जूनपर्यंत’ हे शब्द या संपूर्ण लेखनाचा आधार आहेत. ही तारीख पडद्यावर नंतर बदलली जाऊ शकते. म्हणून ऑर्डर दिल्याबरोबर त्या पानाचे छायाचित्र जपून ठेवावे.

‘आले नाही’ आणि ‘आलेले नाही’ यांतील भेदही पाहा. १० जूनची घटना संपलेली आहे, म्हणून तिथे ‘आले नाही’. २४ जूनची स्थिती अद्याप चालू आहे, म्हणून ‘आलेले नाही’.

३.४.४ केलेले प्रयत्न : कर्ता कोण?

ऑनलाइन व्यवहारात विक्रेता, संकेतस्थळ आणि कुरिअर असे तीन पक्ष असतात. ‘पार्सल पाठवण्यात आले नाही’ या रचनेत कर्ता लोप पावतो आणि तिन्ही पक्षांना जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येते. जिथे कर्ता निश्चित माहीत आहे, तिथे तो लिहावा : ‘विक्रेत्याने रवाना केले’. जिथे तो माहीत नाही, तिथे अंदाजाने कोणाला दोषी ठरवू नये. ‘नोंद आहे’, ‘असे सांगण्यात आले’ अशी रचना वापरावी. १२ जूनच्या प्रसंगाबाबत ‘कुरिअरवाला खोटे बोलला’ असे ग्राहकाने लिहिलेले नाही. तिने कंपनीचे म्हणणे दिले व त्यापुढे स्वतःला माहीत असलेल्या दोन गोष्टी ठेवल्या. विसंगती वाचकाला आपोआप दिसते.

प्रत्येक प्रयत्नासोबत तारीख, माध्यम आणि मिळालेले उत्तर या तीन बाबी याव्यात. ‘अनेकदा फोन केले’ याला उत्तर देता येत नाही. ‘१४ जूनला फोन केला’ याची पडताळणी करता येते. वर उल्लेखिलेल्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात निवारण करावे, अशी अपेक्षा आहे. नमुन्यात पोच वेळेत मिळाली आहे, आणि ग्राहकाने तेही नोंदवले आहे. दुसऱ्या पक्षाने जे वेळेत केले ते लपवले, तर उरलेल्या मजकुरावरचा विश्वास कमी होतो.

३.४.५ अपेक्षित निराकरण : विध्यर्थाचा वापर

पहिल्या दोन भागांत भूतकाळ येतो. इथे ‘रद्द करावी’, ‘जमा करावेत’ असा विध्यर्थ येतो. ‘काहीतरी करा’ किंवा ‘न्याय द्या’ यांतून कर्मचाऱ्याला कृती कळत नाही. कृती, रक्कम, मुदत आणि कोणत्या खात्यात, हे चारही घटक एका वाक्यात बसतात. मागणी एकच असावी. ‘मोटर पाठवा किंवा पैसे द्या’ असे लिहिल्यास आधी घेतलेली दुसरी मोटर असतानाही पार्सल दारात येऊ शकते.

३० जून ही ग्राहकाने मागितलेली मुदत आहे. नियमातील महिना १७ जुलैला पूर्ण होतो. म्हणून ‘३० जूननंतर कायदेशीर कारवाई होईल’ असे लिहिणे अचूक ठरले नसते. महिना उलटूनही निवारण झाले नाही, तर हाच मजकूर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) मांडता येतो.

एक सावधगिरी बाळगावी. जाहीर अभिप्रायात ऑर्डर क्रमांक, तक्रार क्रमांक, पत्ता, फोन क्रमांक किंवा एखाद्या कर्मचाऱ्याचे नाव देऊ नये. त्यांची जागा खाजगी तक्रारीत आहे.

आपली प्रगती तपासा

१. ‘मागच्या आठवड्यात मागवलेली पुस्तके परवा येणार होती, पण पाठवण्यात आली नाहीत. लवकर काहीतरी करा.’ या मजकुरातील संदिग्ध शब्द व रचना शोधा.

२. आवश्यक तपशील कल्पून वरील मजकूर तीन भागांत पुन्हा लिहा. माहीत असलेले आणि ऐकलेले यांत क्रियापदांच्या साहाय्याने भेद करा.