वक्र रेषेचा सरळ तुकडा

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत सुट्या रुपयांत मिळणारा बीसी547 हा ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कॅपॅसिटर आणि 12 व्होल्टचा पुरवठा. एवढ्या सामानातून मायक्रोफोनच्या क्षीण सिग्नलला मोठे करणारा टप्पा उभा राहतो. तो नेमका किती पटींनी मोठे करेल, हे तारा जोडण्याआधीच कागदावर काढता येते. अडचण एकच दिसते: ट्रान्झिस्टर सरळ रेषेत वागत नाही.

त्याच्या बेस आणि एमिटर या दोन टोकांमधला व्होल्टेज अवघा 18 मिलिव्होल्टने वाढवला, की कलेक्टरमधून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो. 60 मिलिव्होल्टने वाढवला, तर जवळजवळ दसपट. अशा चढत्या वक्राचे गणित ओहमच्या नियमात बसत नाही. पण कबड्डीचे मैदान आखताना पृथ्वीची गोलाई कोणी मोजत नाही, कारण तेवढ्या तुकड्यात ती सपाटच असते. वक्रावरही एक बिंदू निवडला आणि त्याच्या अगदी आसपासच हालचाल ठेवली, तर तेवढा भाग सरळ मानता येतो. सरळ रेषा म्हणजे साधा रेझिस्टर किंवा साधा प्रवाह-स्रोत, आणि त्यांचे गणित शाळकरी आहे. ट्रान्झिस्टरच्या जागी हे साधे घटक मांडून जे चित्र तयार होते, त्याला ‘स्मॉल-सिग्नल मॉडेल’ म्हणतात. त्याचे आज सर्वाधिक वापरले जाणारे रूप, हायब्रिड-पाय, 1954 मध्ये आरसीए कंपनीतल्या एल. जे. जियाकोलेटो यांनी मांडले.

काम दोन टप्प्यांत चालते, आणि पहिल्या टप्प्यात सिग्नलचा विचारच करायचा नसतो. आपल्या सर्किटमध्ये पुरवठा आणि ग्राउंड यांच्यामध्ये 47 किलोओहम आणि 10 किलोओहमचे रेझिस्टर एकाखाली एक आहेत. त्यांच्या जोडावर बेस लावला आहे, म्हणून बेसवर साधारण 2.05 व्होल्ट मिळतात. त्यातले 0.65 व्होल्ट बेस-एमिटरमध्ये खर्ची पडतात आणि एमिटरवर 1.4 व्होल्ट उरतात. एमिटरखाली 1 किलोओहमचा रेझिस्टर आहे, तेव्हा प्रवाह झाला 1.4 मिलिअँपिअर. कलेक्टरवरच्या 4.7 किलोओहममध्ये हा प्रवाह सुमारे 6.6 व्होल्ट खातो, आणि कलेक्टर 5.4 व्होल्टवर स्थिरावतो. तिथून वर आणि खाली, दोन्हीकडे हलायला जागा आहे. वक्रावरचा आपला बिंदू ठरला.

आता दुसरा टप्पा, आणि नवख्यांची गफलत बहुधा इथेच होते. हे चित्र फक्त बदलांचे आहे, स्थिर व्होल्टेजना त्यात स्थान नाही. पुरवठ्याचे 12 व्होल्ट सिग्नलबरोबर हलत नाहीत, म्हणजे त्यांच्यातला बदल शून्य. म्हणून बदलांच्या चित्रात पुरवठ्याची तार थेट ग्राउंड होते. कलेक्टरचा रेझिस्टर प्रत्यक्षात वर टांगलेला असला, तरी या चित्रात तो कलेक्टर आणि ग्राउंड यांच्यामध्ये येतो. मोठे कॅपॅसिटरही सिग्नलपुरते सरळ तारा होतात. एमिटरच्या 1 किलोओहमला समांतर लावलेला कॅपॅसिटर असाच तार झाला, की एमिटरही ग्राउंडला जाऊन मिळतो.

उरला ट्रान्झिस्टर. त्यासाठी लागतो एकच आकडा. खोलीच्या तापमानाला 26 मिलिव्होल्ट हे मूल्य ठरलेले असते. त्याला प्रवाहाने, म्हणजे 1.4 मिलिअँपिअरने भागले की 18.6 ओहम मिळतात. एमिटरच्या पोटातला हा जणू छुपा रेझिस्टन्स. याच गोष्टीचा दुसरा अर्थ असा की बेसवर 1 मिलिव्होल्ट हलला, तर कलेक्टरचा प्रवाह सुमारे 54 मायक्रोअँपिअर हलतो. मॉडेलमध्ये कलेक्टरच्या जागी असा प्रवाह-स्रोत येतो. बेसच्या बाजूला 18.6 ओहमची बीटापट रेझिस्टर येतो. बीटा म्हणजे कलेक्टर-प्रवाह बेस-प्रवाहाच्या किती पट आहे तो आकडा. बीटा 200 धरला तर हा रेझिस्टर होतो 3.7 किलोओहम.

पुढे गुणाकार. 54 मायक्रोअँपिअर 4.7 किलोओहममधून गेले, की सुमारे 253 मिलिव्होल्ट उठतात, म्हणून गेन 253. प्रवाह वाढला की कलेक्टरचा व्होल्टेज खाली येतो, त्यामुळे सिग्नल उलटा होऊन बाहेर पडतो. पण पुढच्या टप्प्याचा भार 10 किलोओहम असेल, तर तो कलेक्टरच्या रेझिस्टरला समांतर येतो, दोघे मिळून 3.2 किलोओहम होतात आणि गेन उतरतो 172 वर. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स त्यातून आणखी चार-पाच टक्के घेतो. इथे तो सोडून देऊ.

गळती प्रवेशद्वारावरही आहे. बेसकडचे 3.7 किलोओहम आणि बायसचे दोन रेझिस्टर समांतर धरले, की सिग्नलला 2.56 किलोओहम दिसतात. स्रोताचा स्वतःचा रेझिस्टन्स 1 किलोओहम असेल, तर सिग्नलचा जेमतेम 72 टक्के भाग बेसपर्यंत पोहोचतो. स्रोतापासून भारापर्यंतचा खरा गेन 124. कागदावरचे 253 आणि प्रत्यक्षातले 124 यांतला फरक मुळीच गूढ नाही. तो दोन्ही टोकांच्या भारांचा आहे.

बीटाची भीती मात्र इथे बरीच कमी होते. बीसी547चा बीटा नगानुसार 110 पासून 800 पर्यंत असू शकतो. आपल्या उदाहरणात तो 200 ऐवजी 400 निघाला, तर खरा गेन 124 वरून 137 वर जातो. बीटा दुप्पट आणि गेनमधला फरक दहा टक्क्यांच्या आसपास! गेनचा मुख्य धनी ट्रान्झिस्टरचा बीटा नव्हे, त्यातून वाहणारा प्रवाह आहे, आणि तो रेझिस्टर निवडून आपणच ठरवतो.

या गणिताची मर्यादा नावातच आहे. बेसवरचा सिग्नल शिखराला 5 मिलिव्होल्ट असेल, तर वक्राचा बाक जाणवू लागतो आणि दुप्पट वारंवारतेची पाच टक्क्यांच्या आसपास भेसळ होते. 10 मिलिव्होल्टला सुमारे दहा टक्के. ऑसिलोस्कोपवर ते ओळखता येते: कलेक्टरच्या लाटेचा खालचा अर्धा भाग टोकदार आणि लांब, वरचा बसका. दुसरी चूक कानाला कळते. एमिटरचा कॅपॅसिटर 100 मायक्रोफॅरडऐवजी 10 मायक्रोफॅरडचा लावला, तर तो मंद स्वरांसाठी तार राहतच नाही. त्याच्यासमोर मोठा 1 किलोओहम नसतो, 18.6 ओहम आणि स्रोताकडून येणारी थोडी भर असते. म्हणून गेनची घसरण 70 हर्ट्झऐवजी 700 हर्ट्झच्या आसपासच सुरू होते आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो. कॅपॅसिटर अजिबात लावला नाही, तर तोच 172 चा गेन तीनच्या आसपास उरतो.

व्यवहारात मधला मार्ग निवडतात. 1 किलोओहमच्या जागी 100 ओहम आणि 910 ओहम एकाखाली एक लावायचे आणि कॅपॅसिटर फक्त 910 वर टाकायचा. आता सिग्नलला एमिटरच्या वाटेत 118.6 ओहम दिसतात, म्हणून भारासह गेन 27 होतो. बेसकडचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून स्रोताची गळती घटते आणि एकूण गेन 23 राहतो. बीटा 400 झाला तरी तो 24 च्या पुढे जात नाही. शिवाय आता सिग्नलचा थोडाच वाटा ट्रान्झिस्टरच्या वक्रावर पडतो, त्यामुळे बेसवर 10 मिलिव्होल्ट आले तरी लाट सुरेख गोल राहते.