तिथीची पाऊणपट

प्रश्नमंजूषेच्या कार्डावर उत्तर छापलेलं होतं: चंद्र समुद्राचं पाणी ओढतो, म्हणून भरती येते. हे अर्धंच उत्तर झालं. चंद्र दिवसातून एकदा डोक्यावर येतो, भरती मात्र दोनदा येते. ही दुसरी भरती मला स्वस्थ बसू देईना, म्हणून मुलांची तयारी करून घेणाऱ्या बाईंबरोबर मीही अलिबागच्या किनाऱ्यावर गेलो.

कुलाबा किल्ल्याकडे गाड्या नेणाऱ्या घोडागाडीवाल्यांचं पोट ओहोटीवर चालतं. मुलांनी त्यांतल्या एका काकांना विचारलं, वेळ कशी कळते?

"तिथीची पाऊणपट करायची. आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराच्या सुमाराला सुकती."

बाईंनी ओल्या वाळूत पृथ्वी आणि चंद्र काढले. अंतर वाढलं की ओढ कमी होते. चंद्राकडच्या समुद्रावर ती पृथ्वीच्या केंद्रापेक्षा सुमारे ३ टक्के जास्त असते, पलीकडच्या समुद्रावर जवळजवळ तेवढीच कमी. अलीकडचं पाणी पृथ्वीपेक्षा पुढे ओढलं जातं. पलीकडे उलट होतं: पृथ्वीच जास्त ओढली जाते आणि पाणी मागे राहतं. म्हणून फुगवटे दोन. हा फरक इतका नाजूक आहे की पाणी सरळ वर उचललं जातच नाही. ते बाजूंनी सरकत येऊन साचतं. भरती म्हणजे ओढ नव्हे, ओढीतला फरक, हे एवढं तरी कार्डावर हवं होतं.

पृथ्वी एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र थोडा पुढे गेलेला असतो. त्याला गाठायला आणखी सुमारे ५० मिनिटं लागतात, म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. काकांची पाऊणपट तिथीमागे ४५ मिनिटं धरते. पंधराव्या तिथीला हिशेब सव्वाअकरा सांगतो, भरती येते बाराच्या आसपास. काकांना ते ठाऊक होतं: "अमावास्या-पुनवेला बाराच धरायचे."

ही पाऊणपट सगळीकडे चालत नाही. जमीन आडवी येते, म्हणून फुगवटा चंद्रामागे मोकळा फिरू शकत नाही. खंभातच्या आखातात शिरलेली भरती भावनगरला काही तास उशिरा पोचते आणि निमुळत्या जागेत कितीतरी जास्त चढते.

सूर्यही ओढतो, पण तो इतका दूर आहे की त्याच्या ओढीतला फरक चंद्राच्या निम्म्याहूनही कमी पडतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात आणि उधाण येतं. अष्टमीला ते काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती.

एका मुलीने विचारलं, मग आज चालत किल्ल्यावर जाता येईल?

"आज भांग आहे, पाणी फार मागे जायचं नाही," काका म्हणाले. "चालत जायचं तर पुनवेला या, सकाळी सहाच्या सुकतीला."