टेम्पो वाटेत असताना माल कोणाचा?

पुण्यात मुख्य दुकान आणि साताऱ्यात शाखा असलेला भांड्यांचा आणि घरगुती उपकरणांचा एक व्यवसाय डोळ्यांसमोर आणू. तारीख 31 मार्च. संध्याकाळी पुण्याच्या गोडाऊनमधून साताऱ्यासाठी टेम्पो निघतो. त्यात पाच लिटरचे 40 कुकर आहेत, प्रत्येकी 1,500 रुपये खरेदी किमतीचे, आणि 2,400 रुपयांचे 25 मिक्सर. दोन्हींची किंमत साठ-साठ हजार, म्हणजे एकूण 1,20,000 रुपये. टेम्पोचे भाडे 1,800 रुपये पुण्याने दिले आणि साताऱ्याच्या नावे टाकले. अंतर जेमतेम 110 किलोमीटर, पण साताऱ्याचे दुकान तोवर बंद झालेले असते. माल उतरतो 1 एप्रिलच्या सकाळी.

या एका रात्रीत आर्थिक वर्ष बदलते. पुण्याच्या हिशेबात माल गेलेला असतो आणि साताऱ्याच्या हिशेबात तो आलेला नसतो.

महिन्याभराने लेखापाल दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवतो. 31 मार्चला पुण्याच्या वहीत साताऱ्याच्या नावे 4,86,500 रुपये दिसतात. साताऱ्याच्या वहीत मात्र पुण्याचे जमा फक्त 3,64,700 रुपये आहेत. खरे तर हे दोन आकडे एकमेकांचे प्रतिबिंब असायला हवेत, कारण पुण्याचे येणे तेच साताऱ्याचे देणे. फरक पडतो 1,21,800 रुपयांचा. अशा वेळी बऱ्याच ठिकाणी वह्यांची पाने उलटसुलट होतात, फोनाफोनी होते आणि शेवटी ‘फरक खाते’ नावाचे एक खाते उघडून रक्कम त्यात ढकलली जाते. ही पद्धत चुकीची आहे. उत्तर बहुतेक वेळा मालाबरोबर गेलेल्या ट्रान्सफर नोटमध्ये असते, ती नीट वाचली तर.

या चिठ्ठीवर अनुक्रमांक, पाठवणारी आणि घेणारी शाखा, वस्तूचा कोड, नग, दर, रक्कम आणि गाडीचा क्रमांक असतो. सगळ्यांचे लक्ष रकमेकडे जाते. पण वाचायला सुरुवात करावी ती तारखांपासून. चिठ्ठीवर दोन तारखा हव्यात, माल निघाल्याची आणि माल मिळाल्याची. आपल्या चिठ्ठीवर पहिली 31 मार्च, दुसरी 1 एप्रिल. एवढ्यावरून फरकाचा उलगडा होतो: 1,20,000 रुपयांचा माल आणि 1,800 रुपये भाडे त्या रात्री रस्त्यावर होते. अशा मालाला हिशेबात मार्गस्थ माल म्हणतात. तो दोन्ही दुकानांच्या मोजणीत सापडत नाही, तरी मालक तोच असल्याने वर्षअखेरच्या साठ्यात तो धरावाच लागतो. माल दुकानापर्यंत आणण्याचा खर्च मालाच्या किमतीतच धरायचा असतो, म्हणून भाडेही त्याच्यासोबत येते.

काही जण इथे सोपा मार्ग काढतात. साताऱ्याला सांगतात, 31 मार्चचीच नोंद कर, म्हणजे दोन्ही आकडे जुळतील. आकडे जुळतात खरे, पण त्या रात्री साताऱ्याच्या कपाटात ते 40 कुकर नव्हते. साठा तपासणारा मोजायला आला की वहीत माल जास्त आणि जागेवर कमी, असा नवा फरक उभा राहतो.

यानंतर पाहायचा तो नगांचा रकाना. कुकर 12 नगांच्या खोक्यांत येतात. 40 कुकर म्हणजे तीन खोकी आणि चार सुटे. चिठ्ठीवर नुसते ‘40’ न लिहिता ‘3 खोकी + 4 सुटे = 40 नग’ असे लिहिले, तर पुढचा शोध फार सोपा होतो. साताऱ्यात माल मोजला तेव्हा तीन खोकी सीलबंद मिळाली, पण सुटे कुकर दोनच होते. म्हणजे 38. तीन हजारांचे दोन कुकर कुठे गेले?

खरी कसोटी इथे लागते. साताऱ्याच्या माणसाने आपल्या प्रतीवरचा 40 खोडून 38 केला आणि तेवढीच नोंद केली, तर पुण्याच्या वहीत 60,000 आणि साताऱ्याच्या वहीत 57,000 राहतात. हे तीन हजार मग वर्षानुवर्षे दोन शाखांमध्ये लोंबकळतात आणि त्यांचे कारण सांगणारा माणूस तोवर नोकरी सोडून गेलेला असतो. म्हणून मूळ आकडा खोडायचा नाही. पाठवलेले 40, मिळालेले 38, कमी 2 असे तिन्ही आकडे लिहायचे, चालकाची सही घ्यायची आणि त्याच दिवशी पुण्याला कळवायचे.

पुण्यात 31 मार्चला टेम्पो गेल्यावर साठ्याची मोजणी झाली होती. पाच लिटरचे कुकर वहीप्रमाणे 62 हवे होते, निघाले 64. मोजणाऱ्याने शेरा मारला, ‘दोन जास्त’. हेच ते दोन कुकर. गाडीत चढलेच नव्हते. हा धागा जुळला नसता, तर दोन कुकर पुण्यात जास्तीचे म्हणून वाढवले गेले असते आणि मार्गस्थ मालातही मोजले गेले असते. वर्षअखेरचा साठा तीन हजारांनी फुगला असता, नफाही तेवढाच.

दुरुस्तीसाठी मूळ चिठ्ठीला हात न लावता, तिचा क्रमांक देऊन दोन कुकरची उलट चिठ्ठी करायची. पुण्याच्या वहीत साताऱ्याची बाकी 4,86,500 वरून 4,83,500 होते. मग 31 मार्चच्या तारखेने मार्गस्थ माल खाते 1,18,800 रुपयांनी नावे आणि सातारा शाखा तेवढ्याने जमा. उरतात 3,64,700 रुपये, साताऱ्याच्या वहीत आहेत तेवढेच. ही मार्गस्थ मालाची नोंद 1 एप्रिलला उलटवायची आणि साताऱ्याने मिळालेला माल त्या दिवशी घ्यायचा.

कुकर पुण्यातही सापडले नसते, तर ती वाटेतली तूट ठरली असती. मग वाहतूकदाराकडे भरपाई मागायची आणि न मिळालेली रक्कम तोट्यात टाकायची.

दराचा रकानाही निसटता कामा नये. काही मुख्य कार्यालये शाखेला खरेदी किमतीने नव्हे, थोडी वाढवून माल पाठवतात. 1,500 चा कुकर 1,650 ला पाठवला, तर शाखेत न विकलेल्या प्रत्येक कुकरमागे 150 रुपयांचा नफा कागदावरच असतो. वर्षअखेरीला तो साठ्यातून वजा करावा लागतो.

करापुरते पाहिले, तर पुणे आणि सातारा एकाच जीएसटी नोंदणीखाली असल्यास ही विक्री नाही. कर लागत नाही, डिलिव्हरी चलनावर माल जातो. त्याच्या तीन प्रती असतात: माल घेणाऱ्याची, वाहतूकदाराची आणि पाठवणाऱ्याची. महाराष्ट्रांतर्गत एक लाखापुढच्या मालाला ई-वे बिल लागते, म्हणून आपल्या टेम्पोसोबत ते हवेच. हाच माल बेळगावच्या शाखेला गेला, तर राज्य बदलते आणि नोंदणीही वेगळी असते. मग मालक एक असूनही कर बीजक करून आयजीएसटी भरावा लागतो.

दोन शाखा चालवणाऱ्यांनी दर महिनाअखेरीला पाठवलेल्या चिठ्ठ्यांचे क्रमांक समोरच्या शाखेच्या नोंदींशी ओळीने ताडून पाहावेत. जो क्रमांक तिकडे नाही, तो माल वाटेत आहे किंवा नोंदवायचा राहिला आहे. जो दोनदा दिसतो, त्याची नोंद दुबार झाली आहे. मार्चअखेरीची वाट पाहू नका, हे काम याच महिन्यात सुरू करा.